चिठ्ठीतली गाठ

आधी त्या बाईंचं सांगते, मग झालं ते सांगते. जुन्नरात आमच्या भिंतीला भिंत लागून हातानं कागद करणाऱ्या कागदी लोकांचं एक घर होतं. त्या घरच्या बाईंना मी चाची म्हणत असे. दवाखान्यातल्या डाक्टरांचे उपकार आहेतच, ते मी विसरणार नाही. पण डाक्टरांना त्यांच्या कामाचा पगार होता. चाचींना काही मिळायचं नव्हतं, उलट गेलं असतं ते सगळंच गेलं असतं. म्हणून आधी त्यांचं.

माझं माहेर कोकणात, खाडीच्या काठी. मराठी तिसरीची परीक्षा जवळ आली आणि माझं लग्न ठरलं, तिथंच शाळा सुटली. अक्षर मात्र चांगलं होतं. पंतोजी म्हणायचे, मुलीचं अक्षर मोत्यासारखं आहे, अर्थाचं पुढं बघू. त्या अर्थानंच पुढं घात केला असता, ते येईलच. नवरा जंगलखात्यात कारकून. त्याची बदली जुन्नरास झाली तेव्हा मी मुलाला घेऊन घाट चढून वर आले. माणसं परकी, पाणी परकं, आणि बोलणंसुद्धा असं की पहिले सहा महिने मी नुसती मान हलवत असे. ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘लई’. मी ‘होय हो’ म्हटलं की गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. चाची मला ‘ए कोकणी’ अशीच हाक मारत. पण त्या हाकेला धार नव्हती.

त्यांच्या घरी हातकागद होई. जुनी गोणपाटं, दोरखंडं, चिंध्या यांचा ढीग अंगणात पडलेला असे. ते कुटून, धुऊन त्याचा लगदा करायचा, लगद्यातून ताव उचलायचा, आणि ओला ताव चुन्याच्या भिंतीला चिकटवून वाळवायचा. मग त्याला खळ लावून दगडानं घोटायचं. ते घोटणं आमच्या भिंतीतून दिवसभर ऐकू येई. मला त्याची इतकी सवय झाली होती की घोटणं थांबलं की मी दचकून वर बघायची. गिरणीचा कागद आल्यापासून त्यांचं गिऱ्हाईक कमी झालं होतं. जे काही चालत होतं ते त्या चिंध्यांच्या ढिगावर चालत होतं.

ते दिवस प्लेगचे होते. किती साली, ते मी नीट सांगू शकणार नाही. त्या काळात एक साल सरून दुसरं लागलं तरी आम्हाला फरक कळत नसे, थंडी पडली की उंदीर मरून पडायचे एवढं कळे. त्या हिवाळ्यात वरच्या आळीत उंदीर सापडले होते आणि तिथली माणसं शेतात खोपटं घालून राहायला गेली होती. आमच्या गल्लीत अजून काही नव्हतं. पण सकाळी उठलं की प्रत्येक बाई आधी आपल्या घराच्या कोपऱ्यात बघायची, आणि मग चुलीकडं.

नवरा आंबेगावच्या बाजूला फिरतीवर होता. घोडेगावास मुक्काम करून पुढं भीमाशंकराच्या डोंगरात झाडं मोजायला जाणार होता. पाचसहा दिवस तरी येणं नव्हतं.

मुलगा साडेपाच वर्षांचा. आदल्या दिवशी कुरकुर करत होता, अंग कोमट होतं, जेवला नाही. मला वाटलं थंडी बाधली. सकाळी उठवायला गेले तर त्यानं माझा हात झटकला आणि डाव्या कानावर आपला हात दाबून धरला. मी तो हात काढला. कानाच्या पुढं गाल फुगला होता आणि फुगवटा कानाच्या पाळीखाली उतरला होता. बोट लावलं तर पोर किंचाळलं. भाकरीचा तुकडा चावायला गेला आणि रडत टाकून दिला.

“आई, कानात दुखतंय.”

“कानात की गालात?”

“सगळीकडं.”

ताप आणि फुगवटा, त्या हिवाळ्यात या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस तिसरं काही विचारतच नसे. मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं, दौत घेतली आणि दवाखान्याला चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे. ‘कृपाळू डाक्टरसाहेबांस सा. न. मुलास ताप असून कानाखाली गाठ आली आहे. घरी पुरुषमाणूस नाही. कृपा करून येऊन पाहावे.’ अक्षर अगदी मोत्यासारखं काढलं. दूध घालायला आलेल्या गवळ्याच्या हाती ती दिली आणि पायरीवर बसून राहिले.

‘गाठ’ हा शब्द मी का लिहिला? आमच्या कोकणात सुजेला गाठ म्हणत नाहीत. पण इथं येऊन कानावर दुसरा शब्दच पडत नव्हता. पाणवठ्यावर गाठ, बाजारात गाठ, अमक्याच्या जांघेत गाठ, तमकीच्या काखेत गाठ. माझ्या मनात भीती होती ती बोरूतून कागदावर उतरली. जे दिसलं ते मी लिहिलं नाही, जे वाटलं ते लिहिलं.

डाक्टर त्या वेळी दवाखान्यात नव्हते. शेजारच्या गावी प्लेगची लस टोचायला गेले होते. चिठ्ठी कंपाउंडरानं उघडली आणि औषधाला आलेल्या पाचपन्नास माणसांसमोर मोठ्यानं वाचली. त्यात त्याचाही दोष नाही, मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याला वाचता येत नसे. तासाभरात आमच्या गल्लीतली दारं एकेक करून लागायला लागली. समोरच्या बाईनं अंगणातलं पोर दंडाला धरून आत ओढलं. घरमालक कोपऱ्यापर्यंत आला, तिथनंच उपरणं नाकाला लावून ओरडला, “बाई, घर मोकळं करायची तयारी ठेवा! आत ऊन यायला कौलं काढावी लागतील!” आणि गेला.

मग गाडी आली. प्लेगच्या कामावर नेमलेला मुकादम गाडीच्या पुढं चालत होता. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मिशा मोठ्या आणि आवाज बारीक, त्यामुळं तो कितीही खेकसला तरी पोरांना हसू यायचं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

“वहिनी, पोराला आणा. नदीकडच्या मांडवात न्यायचं हाय.”

त्या मांडवात खरे प्लेगाचे रोगी होते. तिथं जाताना पाहिलेली माणसं मी परत येताना फारशी पाहिली नव्हती. मी दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजू धरून उभी राहिले.

“डाक्टरांनी पाहिल्याशिवाय मी देणार नाही.”

“आवं, चिठ्ठी तुमच्याच हातची ना? गाठ आली म्हून तुमीच ल्हिलंय. आता गाठ न्हाई म्हंता?”

“मी डाक्टर नव्हे!”

“मग ल्हिता कशाला डाक्टरावानी?”

तेवढ्यात शेजारचं घोटणं थांबलं. चाची आपल्या दारात आल्या. त्या कधी आमचा उंबरा ओलांडत नसत, मीही त्यांच्या घरी पाणी पीत नसे. तसंच होतं तेव्हा, आम्ही ते मोडलं नव्हतं. त्यांनी तिथूनच मुकादमाला विचारलं, “मुकादम, पोराला बघितलं का तुमी?”

“बघायचं काय त्यात?”

“मग मढं नेतायसा का पोर? आधी दवाखान्यात न्या. डाक्टर म्हनला तर मांडव कुटं पळून जातोय?”

मुकादमानं मिशीवरून हात फिरवला. “चला मग दवाखान्यात. पन गाडीतच बसायचं. वाटंत कुनाला शिवायचं न्हाई.”

चाचींनी माझ्याकडं एकदा बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटून आत गेल्या. मला तेव्हा वाईट वाटलं. वाटलं, ह्यांनीही दार लावलं.

दवाखान्याच्या ओसरीवर एका टोकाला आम्हाला बसवलं. दुसऱ्या टोकाला बाकीचे रोगी सरकून बसले. मुलगा माझ्या मांडीवर होता, पण मांडीवर ठरेना. गाडीच्या बैलाच्या शिंगाला गोंडा का नाही, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, गप बस. तो म्हणाला, मी गपच आहे, तोंड उघडलं की दुखतं. आणि मग पुन्हा बैलाचं विचारलं.

दुपारी डाक्टर घोड्यावरून आले. पिकलेल्या मिशांचे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मुकादमानं माझी चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती वाचली, मुलाकडं बघितलं, पुन्हा चिठ्ठी बघितली.

“हा का तो? जरा इकडं चालत ये रे. त्या खांबाला हात लावून ये.”

मुलगा गेला, खांबाला हात लावून आला. डाक्टर त्याच्या पायांकडं आणि डोळ्यांकडं बघत होते.

“नाव काय तुझं?”

मुलानं नाव सांगितलं, दात न उघडता.

“झोकांड्या नाहीत, जीभ अडखळत नाही, डोळे तांबारलेले नाहीत,” डाक्टर मुकादमाला म्हणाले. “प्लेगाचं पोर एवढ्यात असं उभं राहत नाही बहुतेक.”

“बहुतेक,” मुकादम म्हणाला.

“हो, बहुतेक. म्हणून तर बघतोय.”

त्यांनी मुलाची काख चाचपली, जांघा चाचपल्या, मानेच्या दोन्ही बाजू खालपर्यंत बघितल्या. तिथं काही लागलं नाही. मग त्याला समोर उभा करून ते दोन पावलं मागं सरकले आणि नुसते बघत राहिले. मला बोलावलं. “बाई, इथून बघा. दोन्ही कानांच्या पाळ्या सारख्या आहेत का?”

मी बघितलं. सकाळपासून दहादा बघितलेला तो कान मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. डाव्या कानाची पाळी वर उचलली गेली होती आणि बाहेर फेकल्यासारखी झाली होती, जणू कुणी खालून बोट घातलं होतं.

“आता इथं हात लावा. भिऊ नका, हलका लावा.” त्यांनी माझं बोट मुलाच्या उजव्या जबड्यावर ठेवलं, कानाखालच्या कोपऱ्यावर. हाडाची कड लागली. मग डाव्या बाजूला ठेवलं. कड हरवली होती. तिथं नुसतं मऊ, ताणलेलं, कणीक तिंबून ठेवावी तसं काहीतरी होतं, आणि ते कुठं सुरू होतं नि कुठं संपतं ते बोटाला कळत नव्हतं.

“मानेतली गाठ असती तर ती हाडाच्या खाली असती. हाड वर मोकळं लागलं असतं आणि गाठ बोटात धरता आली असती. ही सूज हाडावर चढून कानाच्या पुढं आली आहे. लाळ करणारा एक पिंड असतो इथं, कानापुढं. तो सुजलाय.”

त्यांनी चमच्याच्या दांड्यानं मुलाचं तोंड जेवढं उघडलं तेवढं उघडलं आणि एकेक दात वाजवून बघितला. मुलगा बैलाकडं बघत होता. “दातानं नाही. हिरडी चांगली आहे.” मग गालाच्या आतून, वरच्या दाढेसमोर, काहीतरी बघितलं, बाहेरून गाल हलकेच दाबला. “लाळ जिथून येते ते तोंड लाल झालंय. पू नाही.” मग कंपाउंडराला म्हणाले, “चिंच आहे का रे तुझ्या डब्यात?”

कंपाउंडर लाजला. त्याच्या डब्यात चिंच असते हे साऱ्या दवाखान्याला ठाऊक होतं. मुलानं चिंच जिभेवर ठेवली मात्र, दोन्ही हातांनी गाल धरून तो असा ओरडला की ओसरीवरची माणसं उठून उभी राहिली.

“आंबट लागलं की लाळ सुटते आणि सुजलेल्या पिंडात कळ येते,” डाक्टर म्हणाले. “गालगुंड दिसतंय.”

मी रडायलाच लागले. पण डाक्टर हसले नव्हते. ते चष्मा पुसत होते.

“थांबा बाई. एकट्या चिंचेवर मी सही करत नाही. सूज आजचीच आहे. वर गावात प्लेग आहे. गालगुंड हा लागण होणारा रोग आहे, तो आकाशातून पडत नाही. याला कुणाचं तरी लागलं असणार, दोनतीन आठवड्यांपूर्वी. गल्लीत कुणाच्या मुलाचा गाल सुजला होता का?”

आणि मला आठवलं.

चाचींची मुलगी, नऊ वर्षांची. माझ्या मुलाची ती सख्खी बहीण असल्यासारखी, दिवसभर दोघं त्या चिंध्यांच्या ढिगात घर घर खेळायची. मध्यंतरी ती आठएक दिवस दिसली नाही. मग डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधून दाराशी उभी राहायची. मी विचारलं तेव्हा चाची म्हणाल्या होत्या, दात दुखतोय. मी आणखी विचारलं नव्हतं.

आता मी समजले, दात दुखत नव्हता. आणि चाचींनी का लपवलं तेही समजले. चिंध्यांतून प्लेग पसरतो असं तेव्हा मानत, म्हणून कागद्याच्या अंगणातला तो चिंध्यांचा ढीग म्हणजे मुकादमाच्या डोळ्यांत कुसळ. त्या घरातलं पोर सुजलंय असं कळतं तर आधी ढीग पेटवला असता आणि मग विचारलं असतं. वर्षाचं पोट होतं ते त्यांचं.

माझ्या तोंडाशी शब्द आला होता. बोलले तर माझं पोर वाचत होतं. मुकादम माझ्यासमोर तीन हातांवर उभा होता. मी मुलाकडं बघितलं, तो चिंचेच्या कळेनं अजून हुंदके देत होता. मी म्हणाले, “मला... आठवून सांगते.” डाक्टरांनी माझ्याकडं निरखून बघितलं. काय आठवत होते मी? काही नाही. मी धीर गोळा करत होते, आणि तो धीर बोलायचा होता की गप्प राहायचा, हे आजही मला सांगता येत नाही. त्या क्षणी माझ्यावर ते ठरवायची वेळ आली नाही, एवढं माझं नशीब.

कारण ओसरीच्या पायरीशी चाची उभ्या होत्या. धापा टाकत, चालत आल्या होत्या. हाताला अजून खळ वाळलेली होती. लेकीला मनगटाला धरून त्यांनी पुढं ढकललं.

“हिचं लागलं त्याला. हिला झालं व्हतं. ह्या बाजूला आधी, मग तीन दिसांनी त्या बाजूला. तीन जुम्मे झाले. मी दात म्हून सांगितलं. खोटं सांगितलं.”

मुकादमाचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. “चाची! लपवलंसा? रपोट न्हाई दिला?”

“न्हाई दिला. तू माझ्या चिंध्या जाळल्या असत्यास.”

“जाळायलाच पायजेत!”

“मग जाळ. पन त्या पोराला मांडवात घालू नगंस.”

डाक्टरांनी हात वर केला. चाचींच्या मुलीला जवळ घेतलं, तिचे जबडे चाचपले, कानांच्या पाळ्या बघितल्या, ताप कधी आला, किती दिवस राहिला, सूज कधी उतरली, हा मुलगा तिच्याशी शेवटचा कधी खेळला, सगळं विचारलं. मुलगी भ्यालेली नव्हती. तिनं सांगितलं की ज्या दिवशी तिचा गाल दुखायला लागला त्या दिवशी दोघं ढिगात लपाछपी खेळत होती आणि त्यानं तिची अर्धी जिलबी खाल्ली होती. “माझी उष्टी,” ती ठासून म्हणाली. उष्ट्याची गोष्ट तिच्या मनात रोगापेक्षा मोठी होती.

“हिलाही दे थोडी चिंच,” डाक्टर कंपाउंडराला म्हणाले.

मुलीनं चिंच तोंडात टाकली, चोखली, एक डोळा बारीक केला आणि हात पुढं केला. “आनखी हाय का?”

सगळी ओसरी हसली. कंपाउंडरसुद्धा.

“बघितलंत मुकादम?” डाक्टर म्हणाले. “गाठ प्लेगाची असती तर ही पोर तीन आठवड्यांनी इथं चिंच मागत उभी नसती. आणि घरातलं दुसरं कुणी आजारी पडलं?”

“न्हाई,” चाची म्हणाल्या.

“उंदीर?”

“एक न्हाई. आमच्यात तीन मांजरं हायती.”

“मग कशाला जाळताय लोकांच्या चिंध्या? या बाईंनी सांगितलं नसतं तर मी या मुलाला आज तुमच्या हवाली केलं असतं कदाचित. निदान चार दिवस तरी.” ते चाचींकडं वळले. “पण लपवलंत ते बरं केलं नाहीत.”

“न्हाई केलं,” चाची म्हणाल्या. मान खाली घातली नाही.

मुकादम आपल्या गाडीकडं बघत राहिला. “मग आता माझ्या गाडीत कोन?” तो म्हणाला.

डाक्टरांनी मला जे सांगितलं ते मी बोटं मोजून पाठ केलं. मूल सूज उतरेपर्यंत घरात ठेवायचं, दुसऱ्या पोरांत सोडायचं नाही. पेज, मऊ भात, ताक नको, आंबट काही नको. गरम मिठाच्या पाण्यानं चूळ, बाहेरून ऊबदार शेक, भाजेल असा नाही. “उद्या-परवा दुसरा गालही फुगेल. घाबरून मला चिठ्ठी पाठवू नका. पण डोकं फार दुखलं, मान ताठ झाली, ओकाऱ्या सुटल्या किंवा कानाला ऐकू येईना झालं, तर मात्र ताबडतोब. आणि मुलाच्या वडिलांना लहानपणी गालगुंड झालं होतं का?”

“मला ठाऊक नाही.”

“मग विचारा. मोठ्या पुरुषाला झालं तर कधीकधी खाली अंडाला सूज येते, फार त्रास होतो. झालं नसेल तर त्यांना दूर ठेवा.”

पुढं हे असं झालं की मी सासूबाईंना कार्ड लिहून विचारलं, त्यांचं उत्तर यायला दहा दिवस लागले, आणि तोपर्यंत नवरा फिरतीवरून परत येऊन ओसरीवरच राहिला. मी ताट उंबऱ्यावर ठेवायची, मुलगा आतून ओरडायचा, “बाबा, तुम्हालाच मांडवात घातलंय!” उत्तर आलं की त्यांना सातव्या वर्षी दोन्ही गालांना झालं होतं.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना डाक्टरांनी माझी चिठ्ठी मला परत दिली. “बाई, अक्षर सुंदर आहे तुमचं. पण गाठ लिहू नका. ‘कानापुढं सूज आहे, चावताना दुखतं’ एवढं लिहिलं असतं तर मुकादम सकाळी घरीच बसला असता. जे दिसतं ते लिहा. रोगाचं नाव घालायचं आमच्यावर सोडा.” मग त्यांनी एका कागदावर लिहून दिलं, ‘गालगुंड. प्लेग नाही.’ खाली सही केली. “दाराला लावा.”

आम्ही चौघं चालतच घरी आलो. मी आणि चाची पुढंमागं, पोरं मधे. वाटेत चाची म्हणाल्या, “ए कोकणी, तू गप का बसली व्हतीस गं तिथं? मी पायरीवरून बघत व्हते. तुला ठावं व्हतं ना?”

“आत्ता कळलं होतं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमच्या चिंध्या...”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. “येडी,” एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी आपली खळ आणली आणि माझ्या दाराच्या फळीला डाक्टरांचा कागद चिकटवला. चार बोटांनी कोपऱ्यांकडं सारत, ओला ताव भिंतीला लावावा तसा, एक सुरकुती येऊ दिली नाही. तो लावताना त्यांचा पाय आमच्या उंबऱ्याच्या आत आला होता. दोघींनीही ते बघितलं. मग समोरचं दार किलकिलं झालं. “काय ल्हिलंय गं त्यात?” समोरची बाई आतूनच विचारत होती. गल्लीत वाचता येणारी बाई मीच. मी मोठ्यानं वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. संध्याकाळपर्यंत मी ते वीसेक वेळा वाचलं असेन, आणि दर खेपेला माझाच मला धीर येत होता. घरमालक दुसऱ्या दिवशी आला, वाचून घेतलं, आणि जणू काही बोललाच नव्हता असा कौलांकडं बघून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी उजवा गालही फुगला. मुलगा कुणीतरी तोंडात दोन लाडू कोंबल्यासारखा दिसू लागला. मी घाबरले नाही असं म्हणणार नाही, पण चिठ्ठी पाठवली नाही. चाचींची मुलगी दारातून त्याला बघून हसायची, “आता झालास माझ्यावानी!” तिला एकदा होऊन गेलं होतं म्हणून डाक्टरांनी तिला येऊ दिलं होतं. आठव्या दिवसापर्यंत सूज उतरली, दोन्ही कानांच्या पाळ्या परत आपल्या जागी बसल्या. मी रोज सकाळी त्यांनाच आधी बघायची, कोपऱ्यातल्या उंदरांच्या आधी.

कागद दाराला होता तोपर्यंत चाची त्याच्यापुढं येऊन उभ्या राहत. एक दिवस अक्षरांवर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्यातलं गालगुंड कुटलं?”

मी दाखवलं.

“आन तू ल्हिलं व्हतंस ते?”

मी चिठ्ठी काढून ‘गाठ’ दाखवली. त्यांनी ती चिठ्ठी दारावरच्या कागदाशेजारी धरली. मग म्हणाल्या, “दोनीचा पैला ‘गा’ येकच हाय की गं. पुढचंच निराळं. आन तेवढ्यावर पोर गेलं असतं.” आणि थोड्या वेळानं, “माझ्या पोरीला शिकीव हे. आमी आयुष्यभर कागद केला, त्याच्यावर काय ल्हित्यात ते आमाला ठावं न्हाई.”

मी दुसऱ्याच दिवसापासून सुरू केलं. दुपारी घोटणं थांबलं की मुलगी पाटी घेऊन यायची, चाची दाराशी बसायच्या, बघत नसल्यासारखं दाखवायच्या. मुळाक्षरं झाली, काना-मात्रा झाल्या. मुलगी हुशार होती, ‘गालगुंड’ तिनं सर्वांत आधी लिहिलं. जोडाक्षरांना सुरुवात करायची तेवढ्यात नवऱ्याची बदली खानदेशात झाली. चार दिवसांत सामान बांधायचं होतं. निघताना चाचींनी घोटलेल्या कागदाचा एक जाड गठ्ठा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, चाची, अजून जोडाक्षरं राहिली. त्या म्हणाल्या, “राहू दे. जा. पोराला जप.”

त्याला आज किती वर्षं झाली. मुलगा मोठा झाला, त्याला त्यातलं फक्त बैल आणि चिंच आठवते. मी अजून घरापासून दूरच आहे, आता कोकणापासूनही आणि जुन्नरापासूनही. त्या गठ्ठ्यातले पुष्कळ ताव उरले आहेत, हे मी त्यातल्याच तावांवर लिहिलं आहे. जे आठवतं तेवढंच लिहिलं, त्याला नाव द्यायचं वाचणाऱ्यावर सोडलं.

चाचींची मुलगी आता सासरी असेल, कदाचित तिला मुलं असतील. ती जुन्नरात असो, नाहीतर आणखी कुठं, एकदा मी तिकडं जाणार आहे. त्यासाठी एक पाटी मी ट्रंकेत ठेवली आहे. तिला जोडाक्षरं शिकवीन, आणि चाची दाराशी बसल्या तर त्यांनाही पाटी देईन. या वेळी त्यांना बघत नसल्यासारखं दाखवू देणार नाही.